एसआयपीतून १० लाख काढायचे आहेत: कर किती, आणि बँकवाले म्हणतात ती पॉलिसी घ्यावी का?

रानजाई | १२ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी. नाशिकला फ्लॅट बुक केलाय, जूनमध्ये बिल्डरला १० लाख द्यायचे आहेत. पैसे एका मिडकॅप फंडात आहेत. जून २०२२ पासून दर महिन्याच्या ५ तारखेला २५ हजारांची एसआयपी चालू आहे, एकही हप्ता चुकलेला नाही. ४३ हप्ते झाले, म्हणजे भरले १० लाख ७५ हजार आणि आज दिसतात साधारण १४ लाख ३३ हजार.

माझे प्रश्न दोन. एसआयपीला साडेतीन वर्षं झाली, म्हणजे सगळी रक्कम दीर्घ मुदतीचीच धरायची ना? आणि कर किती लागेल?

दुसरं म्हणजे, ऑफिसात एचआर गुंतवणुकीचे पुरावे मागतंय. माझ्या बँकेतला माणूस आठवड्यातून दोनदा फोन करतो, "मॅडम, मार्चच्या आत वर्षाला एक लाखाची पॉलिसी घ्या, टॅक्स वाचेल." पगार वर्षाला १६ लाख. घेऊ का?

---

डोंगरवाटा

ताई, एसआयपी जून २०२२ ची म्हणजे सगळं दीर्घ मुदतीचं. १२ महिने झाले की झालं. साडेबारा टक्के लागतील, बिनधास्त काढा. आणि जूनपर्यंत पैसे डेट फंडात ठेवा. तीन वर्षं राहिले तर तिथे इंडेक्सेशनही मिळतं, म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरतात.

---

वहीखातं

डोंगरवाटा, मुद्दे दोन आणि दोन्हींत थोडी गडबड आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी पंचवीस वर्षं कर सल्लागाराच्या ऑफिसात हेच काम केलंय.

एसआयपीला स्वतःचं वय नसतं, वय असतं प्रत्येक हप्त्याचं. ५ तारखेचा हप्ता म्हणजे त्या दिवशीची वेगळी खरेदी, आणि तिचे १२ महिने तिच्या तारखेपासून मोजायचे. त्यामुळे रानजाईंचे जून २०२२ ते डिसेंबर २०२४ हे ३१ हप्ते आज दीर्घ मुदतीचे आहेत. २०२५ मधले १२ हप्ते अजून अल्प मुदतीचेच. त्यातलं काही विकलं तर फायद्यावर २० टक्के.

आता दिलासा. युनिट विकताना जे आधी आले ते आधी गेले असं धरतात. त्यामुळे १० लाख काढताना २०२५ च्या हप्त्यांपर्यंत हात पोचतच नाही. रानजाई, तुमचं कॅपिटल गेन्स स्टेटमेंट कॅम्स किंवा केफिनटेकच्या साइटवरून मागवा, पॅन आणि ईमेल दिला की येतं. त्यात हप्त्याहप्त्याची ओळ दिसेल. पहिली ओळ बहुधा ६ जून २०२२ ची असेल, कारण ५ जूनला रविवार होता. मुदत युनिट मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, बँकेतून पैसे गेल्याच्या नाही.

डेट फंडाचं इंडेक्सेशन १ एप्रिल २०२३ पासूनच्या खरेदीला नाहीच. कितीही वर्षं ठेवा, फायदा तुमच्या स्लॅबने.

---

डोंगरवाटा

डेट फंडाचं माहीत नव्हतं, माझी माहिती जुनी होती. आभार. हप्त्यांचंही पटलं. पण मग करबचतीच्या ईएलएसएस फंडात पैसे तीन वर्षं अडकतात, ती कशी मोजायची?

---

वहीखातं

तीही हप्त्यागणिक. जानेवारी २०२३ चा हप्ता जानेवारी २०२६ ला सुटतो, फेब्रुवारीचा फेब्रुवारीला. एसआयपी बंद केली म्हणून शेवटचा हप्ता लवकर सुटत नाही.

---

भातुकली

माझा अनुभव सांगते, कोणाच्या तरी कामी येईल. मागच्या वर्षी कुठेतरी वाचलं की रेग्युलर प्लॅनपेक्षा डायरेक्ट प्लॅनला खर्च कमी. रविवारी दुपारी अ‍ॅप उघडलं आणि सगळे पैसे त्याच फंडाच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये स्विच केले. फंड तोच, पैसे माझ्या खात्यातसुद्धा आले नाहीत. मला वाटलं नुसतं कप्पा बदलणं आहे. जुलैत रिटर्न भरताना कळलं की स्विच म्हणजे विक्री आणि नवी खरेदी. सात-आठ हप्ते वर्षाच्या आतले होते, त्यांच्या फायद्यावर २० टक्के लागले आणि वर त्यांच्यावर १ टक्का एक्झिट लोडही गेला होता. शिवाय सगळ्या युनिटांचे १२ महिने नव्याने सुरू.

डायरेक्ट चांगलंच आहे, पण आधी जुने हप्ते हलवायला हवे होते आणि नवीन हप्ते वर्ष पुरं झाल्यावर.

---

सातारी_कंदी

आमची वडिलोपार्जित बिगरशेती जागा आहे, वडिलांनी १९९६ ला घेतलेली. २०२४ ला माझ्या नावावर आली. आता ३० लाखांना गिऱ्हाईक आहे. मला दोन वर्षं थांबायला लागेल का? आमच्या भावकीत सगळे म्हणतात थांब.

---

वहीखातं

थांबायची गरज नाही. वारशाने आलेल्या मालमत्तेला वडिलांचा काळ धरतात, म्हणजे तुमची मुदत १९९६ पासून. जागेला २४ महिने लागतात, ते कधीच झालेत. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जागेला दोन वाटा आहेत: इंडेक्सेशनशिवाय साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशनसह वीस टक्के, जो कर कमी तो. मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो, पण स्टॅम्प ड्युटीच्या दरापेक्षा जास्त नाही. समजा तो १ लाख निघाला. पहिल्या वाटेने २९ लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे ३ लाख ६२ हजार ५००. दुसऱ्या वाटेने या वर्षाचा निर्देशांक ३७६ आहे, म्हणून १ लाखाचे ३ लाख ७६ हजार होतात, आणि उरलेल्यावर २० टक्के म्हणजे ५ लाख २४ हजार ८००. तुम्हाला पहिलीच वाट बरी. २००१ चा भाव मूल्यांककाकडून लेखी घ्या, नुसत्या अंदाजावर जाऊ नका.

या विषयाला वेगळा धागा काढा दादा, इथे रानजाईंचा प्रश्न राहून जाईल.

---

सातारी_कंदी

काढतो. भावकीला हे दाखवतो, लई आभार.

---

मोरपंखी

अवांतर: सोन्याचे दागिने २४ महिन्यांनी दीर्घ मुदतीचे होतात, साडेबारा टक्के. आमच्याकडे मात्र कपाटाची किल्ली आजीकडे आहे आणि ती आजन्म धारणकाळावर ठाम आहे. 🙂

---

आंबेमोहोर

रानजाई, वहीखातंताईंनी मुदतीचं सांगितलं. पण कराचा खरा फरक विक्रीच्या तारखेत आहे, आणि तुमच्या हातात एक मोठी सोय आहे: तुमची गरज जूनची आहे. मध्ये ३१ मार्च येतो.

शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घ मुदतीच्या फायद्यातले पहिले १ लाख २५ हजार दर आर्थिक वर्षी करमुक्त असतात. न वापरलेली सूट पुढच्या वर्षी नेता येत नाही. म्हणून एका वर्षात सगळं विकण्याऐवजी काही ३१ मार्चच्या आत आणि काही १ एप्रिलनंतर विकलं, तर सूट दोनदा मिळते.

तुमचे हप्तेनिहाय आकडे टाका, हिशोब करून देतो.

---

रानजाई

स्टेटमेंट आलं! जून २०२२ ते मे २०२४ चे २४ हप्ते: भरले ६ लाख, आज ९ लाख ३० हजार. पुढचे ७ हप्ते, डिसेंबर २०२४ पर्यंत: भरले १ लाख ७५ हजार, आज १ लाख ८६ हजार. २०२५ चे १२: भरले ३ लाख, आज ३ लाख १७ हजार. खरंच की, सगळा फायदा जुन्या हप्त्यांतच बसलाय. मला वाटलं होतं सगळीकडे सारखा पसरलेला असेल.

---

आंबेमोहोर

अगदी तसंच असतं, म्हणून १० लाख काढताना सरासरी फायदा धरू नये. तुमचे पहिले २४ हप्ते पूर्ण जातील, त्यात फायदा ३ लाख ३० हजार. उरलेले ७० हजार पुढच्या ७ हप्त्यांतून, त्यात फायदा चारेक हजार. एकूण ३ लाख ३४ हजार, सगळा दीर्घ मुदतीचा.

जूनमध्ये एकदम विकलं तर १ लाख २५ हजार वजा जाऊन २ लाख ९ हजारांवर साडेबारा टक्के, म्हणजे २६,१२५, आणि ४ टक्के सेस धरून २७,१७०. दोन वर्षांत विभागलं तर अडीच लाख सुटतात, उरतात ८४ हजार, कर सेससह १०,९२०. वाचले १६,२५०.

अर्धे-अर्धे विकायचा अट्टहास नको. दोन्ही वर्षांत फायदा किमान सव्वा लाख झाला की पुरे, मग विभागणी कशीही करा, एकूण कर तोच. रकमेकडे नाही, फायद्याकडे बघा: जुने हप्ते आधी जातात, त्यामुळे पहिल्या तीन-साडेतीन लाखांतच सव्वा लाखाचा फायदा भरेल.

---

कोयनाकाठ

मला हे पटत नाही. १६ हजार वाचवायला आत्ता विकायचं आणि मार्चनंतर बाजार वर गेला तर? तीन-चार लाखांवर पाच टक्के वाढ म्हणजेच १५ ते २० हजार. कराच्या मागे लागून वाढ घालवणं मला योग्य वाटत नाही.

---

आंबेमोहोर

वाढ होईल तशी पडझडही होईल. मिडकॅप सहा महिन्यांत १५ टक्के खाली गेला तर १० लाखांचे साडेआठ होतात, बिल्डरची तारीख मात्र हलत नाही. सहा महिन्यांत लागणारा पैसा मी इक्विटीत ठेवलाच नसता. मी आज सगळे १० लाख काढायला सांगितलं असतं. कराचं गणित फक्त अर्धे एप्रिलपर्यंत का थांबवायचे हे सांगतं.

---

कोयनाकाठ

म्हणजे करासाठी अर्धी रक्कम चार महिने धोक्यात ठेवायला तुम्हीच सांगताय.

---

आंबेमोहोर

हो, ते खरं आहे. १६ हजारांसाठी सहा लाखांवर साडेतीन महिन्यांची जोखीम. बाजार अडीच-तीन टक्के पडला की ती बचत गेली. रानजाई, हा निर्णय तुमचाच. बिल्डरला देण्यासाठी दुसरीकडे दीड-दोन लाखांची तरतूद असेल तर विभागा. नसेल तर आत्ताच सगळे काढून २७ हजार भरा आणि निवांत राहा.

---

पिठलंभाकर

मला वेगळंच विचारायचंय. पगार १२ लाख ६० हजार, ७५ हजार वजावटीनंतर ११ लाख ८५ हजार, म्हणजे नवीन करपद्धतीत कर शून्य. मला फंडातून ९० हजारांचा दीर्घ मुदतीचा फायदा घ्यायचाय. सव्वा लाखाच्या आत आहे, म्हणजे सगळंच शून्य ना?

---

वहीखातं

इथे जपून. १२ लाखांपर्यंतची जी सूट आहे ती 'एकूण उत्पन्न' १२ लाखांच्या आत असेल तरच. तुमच्या ९० हजारांवर कर नसला तरी तो फायदा उत्पन्नात मोजला जातो, म्हणजे १२ लाख ७५ हजार. मग पगारावरचा कर दारात येतो, सेससह साठ हजारांच्या घरात.

---

डोंगरवाटा

पण माझ्या सीएंनी सांगितलं की भांडवली नफ्याचा दर वेगळा, म्हणून तो त्या १२ लाखांत धरायचा नाही.

---

वहीखातं

दोन गोष्टी मिसळतात. भांडवली नफ्यावरचा कर त्या सवलतीने माफ होत नाही, हे नक्की. मर्यादा मोजताना तो धरायचा की नाही यावर मतं वेगळी ऐकू येतात. कलमातले शब्द 'एकूण उत्पन्न' असे आहेत, म्हणून मी धरूनच चालते. पिठलंभाकर, वादात पडायचं नसेल तर या वर्षी फक्त १५ हजारांच्या फायद्याएवढे युनिट विका, एकूण १२ लाखांवरच राहील. बाकीचे एप्रिलनंतर, पण तेव्हाही पगारवाढ बघून.

---

पिठलंभाकर

बापरे. बरं झालं विचारलं.

---

दौलताबाद

पॉलिसीचं कोणी बोलेना! रानजाई, घेऊ नका असं मी म्हणणार नाही. ८०सीची करवजावट नसती तर मी आयुष्यात बचत केली नसती. दर मार्चला धावपळ करून पीपीएफ भरला, आज तेच पैसे मुलीच्या शिक्षणाला उभे राहिले. ती सक्ती चांगली होती.

---

वहीखातं

दौलताबादकाका, तुमची बचत खरीच आहे. पण रानजाई, आधी एचआरला विचारा, तुमचा पगारावरचा कर कोणत्या पद्धतीने कापतात? काही सांगितलं नसेल तर नवीन पद्धत. आणि तिथे ८०सी नाही. एक लाखाची पॉलिसी घ्या नाहीतर दहा लाखांची, करात एक रुपयाचाही फरक पडणार नाही.

मग जुन्या पद्धतीत जावं का? नवीन पद्धतीत १६ लाखांतून ७५ हजार वजा, १५ लाख २५ हजारांवर सेससह कर १ लाख १३ हजार १००. जुन्या पद्धतीत एवढाच कर यायचा तर ५० हजारांच्या प्रमाणित वजावटीशिवाय आणखी ५ लाख ६८ हजारांच्या वजावटी लागतात. ८०सीचे दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख, आरोग्य विम्याचे २५ हजार, एनपीएसचे ५० हजार, सगळं काठोकाठ भरलं तरी सव्वाचार लाख. उरलेले दीड लाखाच्या आसपास घरभाडे भत्त्यातून यायला हवेत. आणि तुम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलात की घरभाड्याची वजावट संपली.

नुसत्या दीड लाखाच्या ८०सीवर जुन्या पद्धतीत गेलात तर कर २ लाख ४१ हजार ८००. म्हणजे दुपटीहून जास्त.

---

रानजाई

एचआरला आज विचारलं. मी नवीन पद्धतीतच आहे. पुरावे मागणारा ईमेल सगळ्यांना एकच गेला होता. बँकेतल्या माणसाला विचारलं की नवीन पद्धतीत कर कसा वाचेल, तर म्हणाला, "मॅडम, मॅच्युरिटी टॅक्स फ्री आहे ना." मग प्रश्नच बदलला की!

---

भातुकली

तो उत्तर बदलतोय हे ओळखलंत तेच खूप. त्याला एकच विचारा: पाच वर्षांनी पैसे लागले तर सरेंडर केल्यावर हातात किती येतील, आकडा लिहून दे. मी विचारलं होतं, नंतर फोन यायचे थांबले.

---

दौलताबाद

वहीखातंताई, हिशोब पटला. मग पीपीएफही नवीन पद्धतीत निरर्थक का?

---

वहीखातं

नाही काका. भरल्याची वजावट नाही, पण ७.१ टक्के व्याज आजही पूर्ण करमुक्त आहे, दोन्ही पद्धतींत. त्यामुळे मुदत ठेवीशी तुलना करा. वीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्याला करानंतर ७.१ मिळवायला ठेवीत पावणेनऊच्या पुढे व्याज लागेल. फक्त पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज जातं. आणि १५ वर्षांचा पैसा आहे हे लक्षात ठेवा, रानजाईंच्या जूनच्या गरजेला तो नाही.

नवीन पद्धतीत पगारदाराला उरलेली खरी वजावट म्हणजे कंपनीने तुमच्या नावे भरलेलं एनपीएस, मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत. एचआर पगाराची रचना बदलून देतं का विचारा. तो पैसा बराच काळ अडकतो, तेवढं ध्यानात ठेवून.

---

कोयनाकाठ

रानजाई, नवऱ्याच्या नावे काही युनिट करून त्यांची सव्वा लाखाची सूट वापरता येईल का, असं कोणी सुचवायच्या आधी सांगतो: पती-पत्नीला दिलेल्या भेटीवरचा फायदा देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. त्यांची स्वतःच्या पगारातून घेतलेली युनिट असतील तर मात्र ती विकायला हरकत नाही.

---

रानजाई | ३० डिसेंबर २०२५

ठरलं आणि केलंही. नवऱ्याची दोन लाखांची ठेव मे महिन्यात मोकळी होतेय, म्हणून आंबेमोहोरदादांचा विभागणीचा मार्ग धरला. आत्ता ३ लाख ८० हजार काढले. स्टेटमेंटात फायदा १ लाख ५५ हजार दिसतोय, म्हणजे या वर्षी ३० हजारांवरच कर, सेससह ३,९००. पैसे तिसऱ्या दिवशी खात्यात आले, ते बँकेतच ठेवतेय. बाकीचे ६ लाख २० हजार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काढणार. १ फेब्रुवारीच्या बजेटमध्ये काही बदललं तर मार्चमध्ये पुन्हा विचार करेन.

कोयनाकाठ, तुमचं म्हणणं मनात आहेच. बाजार पडला तर मी ठेवीतले पैसे घालीन.

आता रिटर्नचं विचारते. दरवर्षी मी आयटीआर-१ भरते, तेच चालेल का?

---

वहीखातं

आयटीआर-१ मध्ये दीर्घ मुदतीचा फायदा सव्वा लाखापर्यंतच दाखवता येतो. तुमचा १ लाख ५५ हजार आहे, म्हणून आयटीआर-२. कॅपिटल गेन्स स्टेटमेंट जपून ठेवा आणि जूनमध्ये आयकर खात्याच्या साइटवरच्या एआयएस पत्रकाशी आकडे जुळवून बघा, तिथे कधीकधी खरेदीची किंमत शून्य दिसते. या वर्षीचा जादा कर १० हजारांच्या आत आहे, त्यामुळे आगाऊ कर भरायची गरज नाही, रिटर्नच्या वेळी भरला तरी चालेल.

---

पिठलंभाकर

मी १४ हजार ८०० च्या फायद्याएवढी युनिट काढली. दोनशे रुपये मुद्दाम शिल्लक ठेवले, बचत खात्याचं व्याज तीन महिन्यांत किती येतंय ते बघतोय.

---

वहीखातं

दोनशे पुरणार नाहीत. बचत खात्याचं व्याज तुमच्या उत्पन्नात धरतात, आणि नवीन पद्धतीत त्याची १० हजारांची वजावट नाही. एप्रिलपासूनचं सगळं व्याज आजच बघून घ्या.